बॅनरवर सभासदांचे फोटो आणि एआय: मंडळाला मी दिलेलं नियमांचं टिपण



फ्लेक्सचं किंवा डिझाइनचं दुकान टाकायचं तुमच्या मनात असेल, तर सणांचे बॅनर हे तुमचं पहिलं नियमित काम असणार. गणपती, नवरात्र, शिवजयंती, सप्ताह, सगळीकडे खाली सभासदांचे फोटो लागतातच. आणि आता प्रत्येक मंडळ म्हणतं, "एआयवर करून द्या." आज मी तुम्हाला एक टिपण दाखवणार आहे. सभासदांचे फोटो अशा बॅनरवर कसे वापरायचे, याचे नियम ठरवण्यासाठी मी एका मंडळाच्या कार्यकारिणीला ते लिहून दिलं. पण ते का लिहावं लागलं, हे आधी सांगते, कारण चूक माझ्या दुकानातून झाली होती.

मागच्या वर्षी काय झालं

माझं दुकान जयसिंगपूरला. मागच्या गणपतीत एका मंडळाचं काम आलं. 10 बाय 4 फुटांचा स्वागताचा बॅनर, खाली कार्यकारिणी आणि महिला समितीचे मिळून 14 फोटो. सचिवांनी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले आणि म्हणाले, "ताई, सगळ्यांना पारंपरिक वेशात दाखवा. पुरुषांना फेटा, बायकांना नऊवारी. होतं ना आता ते?"

होतं. मी प्रत्येक फोटो टूलमध्ये घातला, पारंपरिक मराठमोळा वेश असं लिहिलं, आणि तासाभरात 14 चेहरे तयार. सचिवांना पाठवले, त्यांनी अंगठा दाखवला, बॅनर छापला. शनिवारी रात्री तो चौकात लागला.

रविवारी सकाळी महिला समितीतल्या एका काकूंचा मुलगा दुकानात आला. आवाज चढवला नाही. मोबाईलवर बॅनरचा फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "ताई, ही आमची आई आहे का?"

नऊवारी, नाकात नथ, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेत. सचिवांनी पाठवलेल्या मूळ फोटोत त्यांच्या गळ्यात फक्त एक बारीक चेन होती.

दुपारच्या आत बॅनर उतरवला आणि नवीन छापून दिला. 40 चौरस फूट, माझा दर 14 रुपये, म्हणजे 560 रुपये. माझ्या वहीत नुकसान एवढंच दिसतं. पण काकू त्या वर्षी एकाही आरतीला आल्या नाहीत. आणि त्यांच्या घरच्यांनी पुढचे दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच समजावून सांगितलं की हे आम्ही केलेलं नाही.

मंगळसूत्र आलं कुठून?

मी मंगळसूत्र असं कुठेही लिहिलं नव्हतं. म्हणून हे नीट समजून घ्या, नाहीतर तुमच्याकडूनही होणार.

आपल्याला वाटतं की टूल फोटोतला माणूस तसाच ठेवतं आणि वरून साडी नेसवतं. बहुतेक टूल तसं करत नाहीत. ती तुमचा फोटो बघतात आणि त्याच्यासारखं दिसणारं एक नवीन चित्र बनवतात. चेहरासुद्धा नवीन बनतो. आणि हे चित्र बनवताना त्यांनी आधी पाहिलेली लाखो चित्रं कामाला येतात. नऊवारीतल्या बाईच्या चित्रांमध्ये नथ, कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या हे सगळं बहुतेक वेळा एकत्रच असतं. त्यामुळे तुम्ही नुसतं नऊवारी लिहिलंत तरी बाकीचा संच मागोमाग येतो. अविवाहित मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र येऊ शकतं. रंग उजळतो, सुरकुत्या जातात, चष्मा गायब होतो. टूलला त्या बाईचं घर माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, कुंकू लागलं तर बिघडलं काय, आता या प्रथा जायलाच हव्यात. आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो राज्यभर गाजला. मला तो ठराव मनापासून पटतो. पण काकूंनी कुंकू लावायचं की नाही, हे काकूंनी ठरवायचं. बॅनरवर ते मी परस्पर लावलं, म्हणजे त्यांचा निर्णय मी घेतला. आणि तोही चौकात, सगळ्यांसमोर.

यावरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि पुढचं सगळं टिपण त्याच एका गोष्टीवर उभं आहे. "माझा फोटो बॅनरवर लावा" ही एक परवानगी आहे. "माझ्या फोटोवरून माझं नवीन चित्र बनवा" ही वेगळी परवानगी आहे. सभासद पहिली देतात आणि आपण दुसरी गृहीत धरतो.

लहान फोटोची अडचण

चेहरा बदलण्याचं दुसरं एक कारण आहे आणि ते नव्या दुकानदारांना चटकन कळत नाही. समजा, 10 फुटांच्या बॅनरवर एका सभासदाचा फोटो 15 इंच रुंद लावायचाय. फ्लेक्ससाठी इंचाला 72 पिक्सेल धरले, तरी 15 गुणिले 72, म्हणजे 1080 पिक्सेल रुंदीचा फोटो हवा. आता मंडळ काय पाठवतं? व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी. तो फार तर 640 पिक्सेलचा असतो. किंवा मागच्या वर्षीच्या विसर्जनाचा ग्रुप फोटो. तो 1600 पिक्सेल रुंद असेल आणि एका ओळीत 15 जण उभे असतील, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम 100 पिक्सेल येतात. नुसता चेहरा म्हटला तर त्याच्याही निम्मे.

तो आपण एआयने मोठा आणि स्पष्ट करतो. पण 50 पिक्सेलमध्ये डोळ्यांचा आकार, दात, तीळ यांची माहितीच नसते. जे नाही ते टूल अंदाजाने भरतं. फोटो चकचकीत दिसतो, पण माणूस दुसराच होतो. बॅनर लागल्यावर लोक म्हणतात, "हा कोण? आपल्या अण्णांसारखा दिसतोय." अण्णांसारखा दिसतोय म्हणजेच तो अण्णा नाही.

टिपण

यंदा जूनमध्ये त्याच मंडळाच्या अध्यक्षांनी मला बैठकीला बोलावलं. काम पुन्हा मलाच देणार होते, पण म्हणाले, "आधी नियम लिहून द्या. कार्यकारिणीत मंजूर करू, मग छपाई." मी दिलेलं टिपण इथे जसंच्या तसं देते. तुमच्या गिऱ्हाईक मंडळासाठी हवे ते बदल करून वापरा.

> प्रति,
> माननीय अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
> सप्रेम नमस्कार.
>
> उत्सवाच्या बॅनरवर सभासदांचे फोटो वापरण्याबाबत पुढील नियम कार्यकारिणीने मंजूर करावेत, ही विनंती.
>
> 1. मखर, फुलं, रोषणाई, रंगसंगती आणि मागचा देखावा एआयवर तयार केला तरी चालेल. माणसाचा चेहरा मात्र मूळ फोटोतलाच राहील. तो कापून बॅनरवर बसवला जाईल, नव्याने बनवला जाणार नाही.
>
> 2. प्रत्येक सभासदाकडून तीन वेगवेगळ्या गोष्टींची परवानगी घेतली जाईल. (अ) फोटो आहे तसा बॅनरवर लावणे. (आ) मागचा भाग काढणे आणि उजेड कमी-जास्त करणे. (इ) मानेखालचा पोशाख एआयने बदलणे. ज्या रकान्यात खूण नसेल, त्याचं उत्तर नाही असं धरलं जाईल.
>
> 3. (इ) ला होकार देणाऱ्याने काय दाखवायचं आणि काय नाही, हे स्वतः लिहावं. कुंकू, टिकली, मंगळसूत्र, नथ, फेटा, गंध, दाढी, चष्मा यांपैकी काहीही मूळ फोटोत नसताना सभासदाने लिहून दिल्याशिवाय येणार नाही. मूळ फोटोत जे आहे, तेही सांगितल्याशिवाय काढलं जाणार नाही.
>
> 4. 18 वर्षांखालील मुलामुलींचा फोटो आई किंवा वडिलांच्या सहीशिवाय लागणार नाही. मुलांसाठी (इ) हा रकाना नसेल. दिवंगत सभासदांचा फोटो घरच्यांनी निवडून दिलेला, आहे तसाच लागेल.
>
> 5. कोणालाही तो ज्याच्यासोबत उभा राहिला नाही अशा व्यक्तीसोबत, किंवा जिथे तो गेला नाही अशा ठिकाणी दाखवलं जाणार नाही. यात नेते आणि कलाकार आले.
>
> 6. परवानगी फक्त या वर्षीच्या उत्सवासाठी आहे. चौकातला बॅनर आणि मोबाईलवर फिरणारी प्रत यांची परवानगी वेगवेगळी घेतली जाईल. विसर्जनानंतर 15 दिवसांत दुकानातले आणि मंडळाच्या मोबाईलवरचे मूळ फोटो काढून टाकले जातील.
>
> 7. छपाईआधी प्रत्येकाला स्वतःच्या फोटोचं प्रूफ पाठवलं जाईल. ज्याचा फोटो त्याचीच मंजुरी. सचिवांनी सर्वांच्या वतीने मंजुरी देऊ नये.
>
> 8. फोटो न देणाऱ्याचं नाव त्याच्या पदानुसार त्याच जागी, त्याच आकारात येईल. कोणी नकार दिला हे ग्रुपवर विचारलं किंवा सांगितलं जाणार नाही. बॅनर लागल्यावर कोणी हरकत घेतली, तर फोटो 24 तासांत झाकला किंवा काढला जाईल. त्यासाठी कार्यकारिणीने एका व्यक्तीचं नाव ठरवावं.
>
> आपली विश्वासू

बैठकीत आलेले प्रश्न

टिपण वाचून झाल्यावर पहिला प्रश्न खजिनदारांचा. "आपलीच माणसं आहेत. गल्लीत फॉर्म भरून घ्यायचे म्हणजे काय बँकेत खातं उघडतोय?" तुम्हालाही हाच प्रश्न येणार, म्हणून त्याचं उत्तर सांगते.

मी आधी विचारलं, "मग ग्रुपवर कसं विचारणार?" ते म्हणाले, "मेसेज टाकू, कोणाची हरकत असेल तर सांगा." आता विचार करा, 60 जणांच्या ग्रुपवर, जिथे सासरे, दीर, शेजारी सगळे आहेत, तिथे एखादी सून "माझा फोटो नको" असं लिहील का? ती गप्प बसेल. आणि आपण त्या गप्प बसण्याला होकार म्हणणार. म्हणून नियम उलटा हवा. खूण केली तर होकार, नाहीतर नकार. फॉर्मसुद्धा एकेकाला वेगळा द्यायचा, ग्रुपवर नाही.

कायद्याची दिशाही हीच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात संमती कशी असावी हे सांगितलंय. ती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून घेतलेली आणि स्पष्ट कृतीतून दाखवलेली हवी. 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती हवी. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. मी वकील नाही आणि मंडळाला मी कायद्याची भीती दाखवली नाही. पण नियम लिहिताना ही चौकट समोर ठेवली, तर आपलं टिपण उद्याही चालेल.

दुसरा प्रश्न महिला समितीच्या एका ताईंचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. "फोटो तुमच्या कॉम्प्युटरवर राहतो की कुठे जातो?" खरं उत्तर असं आहे की ऑनलाइन टूल वापरलं तर फोटो त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. काही टूलमध्ये तुमचे फोटो पुढे टूल शिकवण्यासाठी वापरले जातात आणि ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते. काही फुकट अ‍ॅपमध्ये तेवढीही सोय नसते. म्हणून मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. ज्याने फक्त (अ) आणि (आ) ला होकार दिला, त्याचा फोटो माझ्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्येच कापला जाईल, कुठल्याही ऑनलाइन टूलमध्ये जाणार नाही. ज्याने (इ) ला होकार दिला, त्याला टूलचं नाव आधी सांगितलं जाईल. आणि कामगाराच्या खासगी मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये कोणाचाही फोटो घातला जाणार नाही. हा शेवटचा नियम तुमच्या दुकानात पहिल्या दिवसापासून लावा. सीझनमध्ये घाईत पोरं स्वतःच्या मोबाईलवर काम करून मोकळी होतात, आणि ते फोटो नंतर कुठे राहिले हे कोणालाच सांगता येत नाही.

फोटो गोळा कसे केले

नियम 1 पाळायचा तर मुळात चांगला फोटो हवा. म्हणून आम्ही जुने फोटो मागवलेच नाहीत. एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या सभामंडपाबाहेर सगळ्यांना बोलावलं. पांढऱ्या भिंतीसमोर, सावलीत पण मोकळ्या उजेडात, मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्याने, पाच-सहा फुटांवरून, कमरेपासून वर. ब्यूटी मोड बंद. हे महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच मोबाईलमध्ये तो आधीच चालू असतो आणि एआयच्या आधी मोबाईलच चेहरा बदलतो.

ज्याला फेटा हवा होता त्याने खरा फेटा बांधून फोटो काढला. मंडळाकडे मिरवणुकीचे फेटे होतेच. इथे माझ्या लक्षात आलं की 14 पैकी 9 जणांना एआयने पोशाख बदलायची गरजच उरली नाही. जे टूलकडून बनवून घेणार होतो, ते पेटीत पडलेलं होतं.

त्या दिवशी जे आले नाहीत त्यांनी घरून फोटो पाठवले. त्यांना एकच सूचना दिली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ आकारात येतो.

प्रूफ कसं तपासायचं

ज्यांनी (इ) ला होकार दिला त्यांच्या फोटोत चेहरा चुकून बदललाय का, हे नुसतं बघून कळत नाही. आपण तो माणूस दुकानात दोनदा पाहिलेला असतो. त्यामुळे मी एक साधी पद्धत वापरते.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन चित्र खाली ठेवा आणि मूळ फोटो त्याच्यावर ठेवून निम्मा पारदर्शक करा. दोन्हीचे डोळे एकमेकांवर जुळवा. डोळे जुळल्यावर नाकाचं टोक, ओठांची रेघ आणि हनुवटी आपोआप जुळायला हवी. दुहेरी दिसली, तर चेहरा बदललाय. मग सरळ मूळ फोटोतला चेहरा कापून नव्या पोशाखावर बसवायचा आणि मानेजवळचा रंग जुळवायचा. वेळ जास्त लागतो, एका फोटोला साधारण 20 मिनिटं, पण माणूस तोच राहतो.

त्यानंतर पाच जागा बघायच्या. कपाळ, नाक, कान, गळा आणि मनगट. आपल्याकडे माणसाचं लग्न, वैधव्य, धर्म, पंथ हे सगळं याच पाच जागांवर दिसतं. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ टूलने सोन्याची चेन करून टाकली, तर घरच्यांच्या पहिलं ते लक्षात येतं, आणि आपल्याला ती फक्त चेन दिसते. म्हणूनच शेवटची मंजुरी त्या माणसाची किंवा त्याच्या घरच्यांची हवी. हा नियम 7 आहे आणि मागच्या वर्षी नेमका तोच नव्हता. सचिवांनी अंगठा दाखवला होता, पण तो त्यांच्या स्वतःच्या फोटोपुरता धरायला हवा होता.

प्रत्यक्षात काय झालं

14 फॉर्म वाटले, 13 परत आले. एक फॉर्म आलाच नाही, म्हणजे त्या जागी फक्त नाव. त्यांना कोणी का म्हणून विचारलं नाही. 13 पैकी 11 जणांनी (अ) आणि (आ) वर खूण केली. दोघांनी (इ) वरही केली. एका दादांना धोतर आणि बाराबंदी हवी होती, त्यांनी फॉर्मवर "मिशी माझीच ठेवा" असंही लिहिलं. प्रूफमध्ये टूलने मिशी खरंच जाड केली होती. डोळे जुळवल्यावर ओठांची रेघ दुहेरी दिसली, म्हणून चेहरा पुन्हा मूळ फोटोतून बसवला.

ढोल पथकातल्या एका 16 वर्षांच्या मुलीचा फोटो बाजूच्या पट्टीवर घ्यायचा होता. वडिलांनी बॅनरसाठी सही केली, पण मोबाईलवरच्या प्रतीसाठी नाही. त्यामुळे मोबाईलसाठी मी वेगळी फाइल केली आणि त्यात पथकाचं फक्त बोधचिन्ह घेतलं. अशा दोन फाइल झाल्या की त्यांना नावं स्पष्ट द्या, एकीला चौक, दुसरीला मोबाईल. आमच्याकडे सुरुवातीला दोन्हींची नावं सारखीच होती आणि चुकीची फाइल ग्रुपवर जाता जाता राहिली.

मंडळाच्या एका दिवंगत संस्थापकांचा जुना कृष्णधवल फोटो होता. तरुण मुलांना तो रंगीत आणि हसरा करायचा होता. नियम 4 दाखवून घरच्यांना विचारलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते असे हसायचे नाहीत." फोटो कृष्णधवलच लागला.

सगळं मिळून माझे दोन जादा दिवस गेले. हे तुमच्या दरात धरा. मी प्रूफ आणि परवानगीचं काम म्हणून प्रति फोटो 40 रुपये वेगळे लावले, 14 जागांचे 560. योगायोगाने मागच्या वर्षी पुन्हा छपाईला गेले तेवढेच. मंडळाला मी हा हिशेब तसाच दाखवला आणि त्यांनी घासाघीस केली नाही. शिवाय पावतीवर एक ओळ लिहून घेतली. मंजूर प्रूफपेक्षा वेगळं छापलं गेलं तर पुन्हा छपाई माझ्या खर्चाने, आणि मंजुरीनंतर मंडळाने बदल सांगितला तर मंडळाच्या खर्चाने. ही ओळ नसेल तर सणाच्या दिवशी दोघांनाही भांडायची वेळ येते.

या नियमांची मर्यादाही सांगून ठेवते. बॅनर चौकात लागल्यावर कोणीही त्याचा मोबाईलवर फोटो काढू शकतो आणि त्यातला चेहरा कुठल्याही अ‍ॅपमध्ये घालू शकतो. ते मंडळ थांबवू शकत नाही आणि तुम्हीही नाही. म्हणून सभासदाला विचारताना "फोटो सुरक्षित राहील" असं आश्वासन देऊ नका. "आमच्याकडून एवढं होईल आणि एवढं होणार नाही" असं सांगा आणि मग त्याला ठरवू द्या. बॅनर उभारण्यासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते तीही वेगळी, हे टिपण तिच्या जागी चालत नाही.

काकूंचा फॉर्म मी स्वतः घरी घेऊन गेले. वाटलं होतं, नकोच म्हणतील. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, (अ) वर खूण केली आणि खालच्या रिकाम्या जागेत लिहिलं, "चष्म्यासकट." फोटोसाठी त्या रविवारी सगळ्यात आधी येऊन बसल्या होत्या.

तुमच्याकडे पुढच्या सणाचं काम येईल तेव्हा डिझाइनला हात लावण्याआधी तीन रकान्यांचा तो फॉर्म मंडळाच्या हातात द्या. भेटू पुढच्या लेखात.